तरुलताबेनची द्वारका यात्रा, अटींसकट

तरुलताबेन भावसार यात्रेचं पत्रक लिहायला बसल्या की पहिली ओळ संडासाची असायची. हसू नका. कारेलीबागेतल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत, पंख्याखाली, मोबाइल नाकाशी धरून बाई एका बोटानं टाइप करायच्या आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवाल्यालाही कळायचं, या वर्षी सोमनाथच्या हॉटेलात कमोड कसा आहे ते.

या मार्गशीर्षातलं पत्रक असं होतं:

“जय द्वारकाधीश. सोमनाथ-द्वारका, सहा दिवस, साठीच्या पुढच्यांसाठी. प्रत्येक खोलीत कमोड आहे, मी स्वतः बसून पाहिलाय. सोमनाथच्या दोन खोल्यांत मात्र तो हलतो, त्या खोल्या मी आणि स्वयंपाकी महाराज घेऊ. एका खोलीत दोघंच. तिसऱ्याला खाली गादी टाकून देणार नाही. द्वारकेच्या हॉटेलात लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत सात पायऱ्या चढाव्या लागतात. देवळाला स्वर्गद्वाराकडून छप्पन्न पायऱ्या आहेत. आपण मोक्षद्वारानं जातो, तिथंही थोड्या आहेतच. चाकाची खुर्ची मिळते, पण गर्दीच्या दिवशी वाट बघावी लागते. दर्शन किती वेळ होईल ते मी सांगणार नाही, कारण देऊळ माझं नाही. दिवसाला सहा तासांच्या वर बस नाही. मधे मधे थांबते, कुणी लाजू नये, पहिली मीच उतरते. जागा रोज बदलतात, त्यामुळे पुढच्या सीटसाठी मला लोणची पाठवू नका. स्वयंपाकी महाराज आपले, रात्री लवकर खिचडी-कढी. भाडं साडेबारा हजार. जीएसटी त्यातच, महाराज-ड्रायव्हरची बक्षिसी त्यातच. त्यात नाही ते: नारळ, प्रसाद, पेढे आणि तुमची खरेदी. पंधरा दिवस आधी रद्द केलंत तर हजार रुपये कापून बाकी परत, कारण तेवढे हॉटेलवाला मला परत देत नाही. नंतर अर्धे. आदल्या दिवशी काही नाही, पण बदली माणूस द्या, चालेल.”

आता सांगा, हे वाचून कुणाला उठून द्वारकेला जावंसं वाटेल? पण जायचे लोक. गेली वीस-बावीस वर्षं जायचे. भजनमंडळातल्या बायका, निवृत्त मास्तर, शिवणाची दुकानं मुलांवर सोपवलेले म्हातारे. तरुबेनच्या बसमध्ये एकदा बसलेला माणूस दुसऱ्या कुणाच्या बसमध्ये बसला की आठ दिवस तोंड लपवत फिरायचा.

आणि बाईंचा राग! तो तर अख्ख्या कारेलीबागेला पाठ. रिक्षावाल्यावर राग, बँकेवर राग, “सर्व सुविधांनी युक्त” या शब्दांवर तर असा राग, की ते कुठं छापलेले दिसले की त्या कागदाची सुरळी करून माशा मारायच्या.

त्या रागाला कारण होतं. त्यांच्या सासूबाई, कांताबा, फार वर्षांपूर्वी कुणा एका टूरवाल्याबरोबर हरिद्वारला गेल्या होत्या. पत्रकात “सर्व सुविधा” होत्या. प्रत्यक्षात तिसरा मजला आणि खाली बसायचा संडास. कांताबांचे गुडघे तेव्हाच गेलेले. बसलं की उठता यायचं नाही. मग त्या माउलीनं काय करावं? पाणी पिणंच बंद केलं. सबंध यात्राभर दोन घोट, तेही गंगेचं. परत आल्या त्या तापानं फणफणत, थेट दवाखान्यात. मुलाला म्हणाल्या, यात्रा छान झाली. सुनेला रात्री हळूच म्हणाल्या, “तरू, लाज वाटली गं सांगायला. मी पाणीच प्यायले नाही.” त्यानंतर कांताबा सोसायटीच्या फाटकापलीकडे कधी गेल्या नाहीत.

म्हणून पहिली ओळ संडासाची. नवरा गेल्यावर बाईंनी यात्रा काढायला सुरुवात केली ती पोटासाठी खरी, पण पत्रक लिहायच्या ते कुणावर तरी सूड उगवल्यासारखं.

तर, या वर्षी झालं असं, की दुपारी जेवून बाई जरा आडव्या होणार, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. रिक्षातून आधी वॉकर उतरला, मग एक म्हातारी उतरली, मग म्हातारीची सून उतरली आणि रिक्षावाल्याशी भांडायला लागली. म्हातारी भांडण संपायची वाट न बघता टक टक करत थेट पुढच्या खोलीत.

“तरुबेन तुम्हीच ना? मी डाही. गोरव्याची. द्वारकेला नाव घाला माझं.”

डाहीबांचं वय एक्याऐंशी. अंगानं चिमणी, आवाजानं ढोल. तरुबेननी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. “बा, पायऱ्या चढता?”

“कशाला चढू? तुमच्यात पायऱ्याच नाहीत ना!”

“कोण म्हणालं?”

तेवढ्यात सून आत आली. रीटा नाव तिचं. घामाघूम, रागावलेली, पण मोबाइल तयार. “हे काय आंटी, तुम्हीच तर पाठवलंय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणून तर पप्पूचे पप्पा हो म्हणाले.”

तरुबेननी चष्मा लावला.

वर त्यांचंच नाव, त्यांचाच फोटो, लग्नातला, गजऱ्यासकट. खाली मोरपिसं, दिवे, सोनेरी अक्षरं. “तरुलताबेन भावसार यांची आलिशान द्वारका यात्रा! फक्त आठ हजार नऊशे नव्याण्णव पासून! प्रत्येक खोलीत कमोड! हॉटेलात लिफ्ट! मोक्षद्वारानं प्रवेश, एकही पायरी नाही! चाकाची खुर्ची! खास दर्शन! सर्व सुविधांनी युक्त!”

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, शेवटचे तीन शब्द. मग त्या उठल्या आणि आतल्या दाराकडे तोंड करून अशी हाक मारली की डाहीबांचा वॉकर आपोआप दोन बोटं सरकला असेल.

“महेंद्रभाई!”

महेंद्रभाई म्हणजे धाकटे दीर. अठ्ठावन्नचे, गोल, गोड बोलणारे. कापड गिरणीतली नोकरी सुटल्यापासून भाभींच्या यात्रेची बस, हॉटेल, पैसा असं सगळं तेच बघायचे. मागच्या खोलीत खमण खात होते. बशी हातात तशीच घेऊन आले, मोबाइल बघितला आणि खमण खायचं थांबले.

“हे कुणी केलं?”

“भाभी, शांतपणे ऐका.”

“मी शांत असते तेव्हा तुम्ही ऐकता का? कुणी केलं?”

“केलं म्हणजे... शब्द तुमचेच आहेत. मी फक्त थोडं आटोपशीर केलं. तुमच्या पत्रकावर तीन आठवड्यांत किती नावं आली? अकरा! बसवाला आगाऊ मागतोय, हॉटेलवाला रोज फोन करतोय. हे टाकलं आणि दोन दिवसांत सत्तावीस! लोक पहिल्या दोन ओळी वाचतात, भाभी. दुसऱ्या ओळीत तुम्ही त्यांना हलणारा कमोड दाखवता.”

“हलतो तर हलतो म्हणणार!”

“पण आधीच कशाला?”

“मग कधी? ते त्याच्यावर बसल्यावर?”

रीटाला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. डाहीबा मात्र दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या, बाजारात भाव चालू असताना बघतात तशा.

“आणि हे आठ हजार नऊशे नव्याण्णव कुठून आले? कुणाला नेणार एवढ्यात?”

महेंद्रभाईंनी बशी खिडकीत ठेवली. “पासून म्हटलंय ना. शेवटची रांग, खोलीत तिघं, जीएसटी वेगळा, बक्षिसी वेगळी. सगळेच लिहितात असं. शेवटी बेरीज करा, आपल्याच भाड्याच्या आसपास येतं.”

“म्हणजे माझंच भाडं, पण फसवून!”

“आकर्षक करून.”

“महेंद्रभाई, तुमच्या आई हरिद्वारला पाणी प्यायल्या नव्हत्या, त्याही असंच आकर्षक पत्रक वाचून गेल्या होत्या.”

यावर महेंद्रभाई खिडकीतल्या बशीकडे बघायला लागले. त्यांना हे माहीत नव्हतं, असं नाही. पण बायकांमधली गोष्ट बायकांमध्येच राहिली असेल असं धरून चालणं सोपं असतं ना, तसं त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं.

तरुबेन खुर्चीवर बसल्या आणि तिथल्या तिथं टाइप करायला लागल्या. एका बोटानं, पण हातोडा मारल्यासारखं. “माझ्या नावानं फिरतंय ते पत्रक अर्धं कापलेलं आहे. खरं खाली जोडलंय, पायऱ्यांसकट. ज्यांनी कापलेलं वाचून नाव घातलं त्यांना एकूणएक पैसा परत मिळेल, हजारसुद्धा कापणार नाही. रविवारी भावसार वाडीत बैठक, चहा-गाठिया. रागवायचं असेल त्यांनी तिथं येऊन रागवावं. मी पण रागावलेलीच असेन.”

“भाभी, पाठवू नका. बस जाईल हातातून.”

गेलं. सगळ्या ग्रुपवर. भजनमंडळ, निवृत्त शिक्षक, भावसार समाज, सकाळचे फिरणारे. आणि रीटाच्या मोबाइलवरही टुंग वाजलं, कारण ते गोरव्याच्या सोसायटीतही पोहोचलं होतं.

डाहीबांनी विचारलं, “आता काय आलं गं?”

रीटानं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. “बा, पायऱ्या आहेत म्हणतात. सात इथं, थोड्या तिथं.”

 म्हातारीनं वॉकर धरला, उठली, रिक्षात जाऊन बसली. जाताना तरुबेनकडे अशी नजर टाकली की बाईंना वाटलं, महेंद्रभाईंवर टाकायची ती चुकून आपल्यावर पडली. चुकून नव्हती बरं का, पण ते रविवारी कळलं.

रविवारी वाडीत गर्दी मावेना. चहा-गाठियाचं नाव काढलं की माणसं येतात, आणि भांडणाचं काढलं की शेजाऱ्यांना घेऊन येतात. बैठक दर यात्रेआधी व्हायचीच. कुणाला कुठल्या गोळ्या, कुणाची कुणाबरोबर खोली, कोण घोरतं, ते सगळं तिथं ठरायचं. पण या वेळी पहिल्या रांगेत वॉटर बोर्डातून निवृत्त झालेले नवनीतभाई दलवाडी उभेच होते, तळहातावर मूठ आपटत.

“खास दर्शन म्हणून मी व्याह्यांना सांगून ठेवलंय! आता म्हणता देऊळ माझं नाही!”

“नाहीच आहे,” तरुबेन म्हणाल्या. “तुमचं आहे का?”

“मग छापलं कशाला?”

सगळ्यांच्या माना महेंद्रभाईंकडे वळल्या नाहीत, कारण कुणाला माहीतच नव्हतं. महेंद्रभाई भिंतीला लागून चहाच्या किटलीपाशी उभे होते, आणि त्यांचा रंग किटलीसारखाच झाला होता. बाईंनी एकदा तिकडे बघितलं. मनात आलं असेल, बोट दाखवावं. सासूबाई, खमण, सगळं बाहेर काढावं.

“वर नाव कुणाचं आहे?” बाईंनी विचारलं.

“तुमचं.”

“मग माझ्यावर ओरडा. बसून ओरडा, तुम्हाला रक्तदाब आहे. महेंद्रभाई, इकडे या. माझं पत्रक मोठ्यानं वाचा, सगळं, कापलेल्या ओळींसकट. माझा घसा बसलाय.”

घसा कसला बसतोय! पण महेंद्रभाईंना वाचावं लागलं. कमोड हलतो. सात पायऱ्या. वाट बघावी लागते. देऊळ माझं नाही. एकेका ओळीला ते घाम पुसत होते आणि बाई मधेच “जरा मोठ्यानं” म्हणत होत्या. वाचून झाल्यावर एकेक जण उठला. कुणी पैसे परत मागितले, कुणी शिव्या देत मागितले, एका काकांनी पैसेच भरले नव्हते तरी मागितले. नवनीतभाईंनी मागितले आणि वर म्हणाले, “आता आम्ही दुसऱ्या टूरनं जाणार, तिथं खास दर्शन आहे.”

“जा,” बाई म्हणाल्या. “आल्यावर चहाला या, दर्शन कसं झालं ते खरं खरं सांगा.”

तेवढ्यात मागून वॉकर वाजला.

डाहीबा. बरोबर रीटा आणि रीटाचा नवरा जयंती. पन्नाशीचा, हार्डवेअरचं दुकान, शर्टाच्या खिशात तीन पेनं. डाहीबा मधल्या वाटेनं पुढं आल्या, माणसं बाजूला झाली. तरुबेन खुर्ची द्यायला उठल्या, तर म्हातारीनं वॉकरच जमिनीवर आपटला.

“बसायला नाही आले. तुम्हाला विचारायला आलेय. कुणी सांगितलं होतं तुम्हाला खरं लिहायला?”

 गाठिया चावायचा आवाजसुद्धा थांबला.

“बा, तुमच्यासाठीच तर...”

“माझ्यासाठी! मला पायऱ्या माहीत नाहीत? लग्नानंतर पहिल्यांदा गेले होते, गोमतीत आंघोळ करून सगळ्या छप्पन्न चढले होते, हा जयंतिया पोटात होता तेव्हा. मला कोण सांगणार पायऱ्या! तीन वर्षं मी याच्या मागे लागलेय, मला एकदा तिकडं ने, नाहीतर पाठव. हा म्हणतो, बा, पडशील. त्या कागदावर पायरी नाही असं लिहिलं होतं, म्हणून हा हो म्हणाला. एकदाच हो म्हणाला. आणि तुम्ही दुपारची झोप टाकून लिहायला बसलात!”

भांडण अर्धं टाकून तरुबेन खुर्चीत परत बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाठीमागे किटलीपाशी महेंद्रभाईंच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते त्यांनी चहाच्या कपात दडवलं.

जयंती पुढं झाला. “बेन, तुम्ही बरोबर केलंत. तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून आम्ही वाचलो. बा, चल. सात पायऱ्या म्हणजे सात पायऱ्या. पडलीस तर कोण बघणार?”

आता पाहा हं. इतका वेळ बाईंचा राग दिरावर होता, नवनीतभाईंवर होता, जगावर होता. तो सगळा गोळा होऊन एका माणसाकडे वळला, आणि तो माणूस आत्ता त्यांची स्तुती करत होता.

“जयंतीभाई, मी ते पत्रक कुणासाठी लिहिलंय?”

“म्हणजे? आमच्यासाठी.”

“तुमचं वय काय?”

“बावन्न.”

“वर लिहिलंय साठीच्या पुढच्यांसाठी. तुम्ही दुसऱ्याचं पत्रक वाचताय.” बाई त्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. “मी पायऱ्या लिहिते, म्हणजे जाणाऱ्यानं ठरवावं, चढू की नको. घरातल्यांनी दार लावून घ्यावं म्हणून नाही लिहीत. माझ्या सासूला कुणी खोटं सांगून नेलं. तुम्ही तुमच्या आईला खरं सांगून घरात ठेवताय. मला यातला फरक सांगा.”

“बेन, उद्या काही झालं तर जबाबदारी तुम्ही घेणार?”

“नाही.”

“मग?”

“पडणार नाहीत असं वचन मी देत नाही. दर्शनाचंही देत नाही. मी कमोडचं देते. तुम्ही गोरव्यात देता का वचन, बा घरात पडणार नाहीत?”

रीटाच्या तोंडून हळूच निघालं, “श्रावणात न्हाणीघरात पडल्या होत्या.” जयंतीनं बायकोकडे बघितलं. रीटा छताकडे बघायला लागली.

“एवढी काळजी आहे तर तुम्हीही चला,” बाई म्हणाल्या. “जागा झाल्यात आता भरपूर. पूर्ण भाडं, पहिल्या दिवशी शेवटची रांग.”

“याला नका नेऊ!” डाहीबा ओरडल्या. “हा माझ्या भाकऱ्या मोजतो. साखर नको, तळलेलं नको. मी देवाला भेटायला चाललेय, दवाखान्यात नाही.”

मग लोक हसले. वाडीतला ताण जरा सैल झाला. पण जयंती हसला नाही. तो आईला घेऊन निघून गेला. डाहीबा जाताना एकदाही मागं बघायला वळल्या नाहीत.

हिशेब संपला तेव्हा अठरा नावं उरली. मोठी बस अठरांत परवडत नाही. महेंद्रभाईंना वाटलं, आता तरी भाभी म्हणतील की चूक झाली. भाभी म्हणाल्या, “छोटी बस बघा. पुशबॅक सीटची. आणि आधी मला तिच्यात बसवा, मग ठरवा.” दुसऱ्या दिवशी सकाळी बसवाल्याच्या आवारात बाई प्रत्येक सीटवर बसून उठल्या, प्रत्येक सीट मागं ढकलून पाहिली. पाचवीची खीळ अडकत होती. पहिली पायरी उंच होती. घरी येऊन लिहिलं: “बस बदलली. ही छोटी आहे. चढायची पायरी उंच आहे, लाकडी पाट ठेवू. पाचवी सीट मागं जात नाही, तिथं महेंद्रभाई बसतील, सहाही दिवस.”

“रोज जागा बदलतात ना?” महेंद्रभाई म्हणाले.

“तुमची नाही.”

मंगळवारी सकाळी जयंती आला. एकटाच. दाढी वाढलेली. खुर्चीवर बसला आणि बराच वेळ खिशातल्या पेनांशी खेळत राहिला. बाई देवाची फुलं निवडत होत्या, त्यांनी डोकं वर केलं नाही.

“बा बोलत नाही,” तो शेवटी म्हणाला. “रविवारपासून. जेवते, औषध घेते, पण माझ्याशी बोलत नाही. मी दुकानातून आलो की भिंतीकडे तोंड करते.”

“मग मी काय करू? माझी यात्रा आहे, समजूत घालायचं दुकान नाही.”

“दुसरा एक टूरवाला आहे. तो म्हणतो, सगळं करून देतो, पायरीही चढावी लागणार नाही, लिहून देतो.”

“मग त्याच्याकडे जा.”

“गेलो होतो. त्याला विचारलं, हॉटेलात लिफ्टपर्यंत किती पायऱ्या. तो म्हणाला, काका, तुम्ही चिंता करू नका.” जयंतीनं मान खाली घातली. “मला एकदम चिंता वाटायला लागली.”

तरुबेननी फुलांची परडी बाजूला ठेवली. राग गेला नव्हता, पण थोडा बसला होता, दूध उतू जाता जाता फुंकर मारल्यावर बसतं तसा. “तुमची सही मला नको. पैसेही तुमच्या हातून नकोत. बांना घेऊन या. त्या स्वतः म्हणाल्या तर नाव घालीन.”

“बाहेर रिक्षात आहे.”

“आणि मला हे आत्ता सांगताय? उन्हात बसवलंय म्हातारीला?”

डाहीबा आत आल्या त्या आपला कापडी बटवा गळ्यात अडकवून. बसल्या. मुलाकडे बघितलं नाही. तरुबेननी पत्रक हातात धरून सगळं वाचलं, एकेक ओळ, संडासापासून रद्द करायच्या अटीपर्यंत. डाहीबा मान हलवत होत्या. “कमोड हलतो” ला हसल्या. “प्रसाद वेगळा” ला म्हणाल्या, “तो तर वेगळाच असायला हवा.” मग सात पायऱ्यांची ओळ आली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “कठडा कुठल्या बाजूला?”

“काय?”

“धरायचा कठडा. माझा उजवा हात वर उचलत नाही, खांदा गेलाय. डाव्या बाजूला आहे का?”

तरुबेननी पत्रक परत वरून खाली बघितलं. सातही पायऱ्या त्या चढल्या होत्या, खाली-वर, दोनदा. एकेकीची उंची पावलानं मापली होती. कठड्याकडे बघितलंच नव्हतं, कारण त्यांना धरावा लागत नव्हता.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. मग स्वतःवरच असा भडका उडाला की परडीतली फुलं उडाली. “बावीस वर्षं! बावीस वर्षं लिहितेय, आणि कठडा नाही लिहिला!”

फोन लावला. द्वारकेचा हॉटेलवाला झोपेत होता. “बेन, कठडा? असेल की.”

“असेल की नको. उठा. जिन्यापाशी जा. पायऱ्यांकडे तोंड करून उभे राहा. मी फोन ठेवत नाही.”

 फोनमधून चपलांचा आवाज येत होता. मग हॉटेलवाला म्हणाला, “चढताना डावीकडे. उजवीकडे नुसती भिंत आहे.”

“आणि उतरताना?”

“उतरताना... मग तो उजवीकडे येणार ना, बेन.”

तरुबेननी डाहीबांकडे बघितलं. जयंतीनं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं, हे त्याचं शहाणपण.

डाहीबांनी थोडा विचार केला. “उतरताना मी उलटी उतरेन. तोंड पायऱ्यांकडे करून. तेव्हा तो डावीकडेच येईल. बाळ असताना जयंतिया तसाच उतरायचा ओट्यावरून.” मग बटव्याची गाठ सोडायला लागल्या, एका हातानं, दातांनी, कुणाला मदत करू न देता. आणि तरुबेन मोबाइलकडे हात नेतायत हे बघून वर न बघताच म्हणाल्या, “लिहा ना, बघता काय. डावीकडे. चढतानाचं डावीकडे.”